‘सहाशे डीपीआय, रंगीत, आणि मग दाबून कॉम्प्रेस’: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

“सरकारी ऑफिसला मेलवर अर्ज पाठवता आणि पोर्टल फाइल घेत नाही? हे करा. १) सगळे कागद ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, त्याहून कमी असेल तर नाकारतात. २) फोटो असेल तर नावाच्या शेवटचं जेपीजी खोडून पीडीएफ लिहा. ३) नाव मराठीत सविस्तर द्या, साहेबांना उघडायच्या आधीच कळतं. ४) शेवटी सगळं एकत्र करून ऑनलाइन साइटवर जास्तीत जास्त कॉम्प्रेस करा. फाइल जितकी लहान तितकं पोर्टल खूश. पुढे पाठवा.”

मेलने गेलेल्या अर्जाला दोन दारं लागतात. पहिलं मेल सर्व्हरचं. दुसरं म्हणजे आवक घेणारा कारकून तो अर्ज ज्या प्रणालीत चढवतो तिचं, मग ती ई-ऑफिस असो की त्या खात्याचं स्वतःचं पोर्टल. पहिल्या दारावर अडलं तर मेल परत येतो. `552` हा आकडा असलेला बाउन्स आला की समजायचं, बोजा जास्त झाला. दुसऱ्या दारावर अडलं तर तुम्हाला काहीच कळत नाही. कारकून एकदा-दोनदा प्रयत्न करतो, फाइल चढत नाही, आणि आठवड्यांनी “कागदपत्रे अपूर्ण” असा शेरा येतो. त्यामुळे “मेल गेला म्हणजे झालं” हे गृहीतच धरू नये.

स्कॅन. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. एका ए-फोर पानाचे ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे साधारण साडेतीन कोटी ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे आवळण्याआधी, कॉम्प्रेस करण्याआधी, एक पान १०० एमबीच्या वर. डीपीआय निम्मा केला की ठिपके निम्मे नाही, चौथाई होतात. २०० डीपीआयला करड्या रंगात, म्हणजे ग्रेस्केलमध्ये, तेच पान चार एमबीच्या आत असतं आणि जेपीजी झाल्यावर काही शे केबीवर येतं. छापील किंवा टाइप केलेला मजकूर २०० ला स्वच्छ वाचता येतो. जुना, हाताने लिहिलेला, शाई उडालेला फेरफार असेल तर ३०० करा, पण तेवढ्या पानापुरतंच. रंग फक्त फोटोला, किंवा खात्याने तसं लिहून मागितलं असेल तर.

उलट टोकाची चूकही तेवढीच होते. स्कॅनरवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असा पर्याय दिसतो आणि लोक त्याला ग्रेस्केल समजतात. तो तसा नाही. त्यात प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा नाही तर पूर्ण पांढरा होतो. फिकट निळा गोल शिक्का, पेन्सिलचा आकडा, पुसट सही या सगळ्या गोष्टी पांढऱ्याच्या बाजूला जातात. कागद हातात असतो तेव्हा शिक्का असतो, स्कॅनमध्ये नसतो, आणि ऑफिस म्हणतं “साक्षांकन नाही”. पाठवण्याआधी स्क्रीनवर शिक्का शोधा. तिथे दिसला नाही तर त्यांनाही दिसणार नाही.

जेपीजीचं पीडीएफ. नावाची शेपटी बदलली म्हणून आतली फाइल बदलत नाही. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीलाच `%PDF-` अशी अक्षरं असतात, जेपीजीची सुरुवात वेगळ्याच बाइटांनी होते. नीट बांधलेलं पोर्टल नुसत्या नावावर जात नाही, हे पहिले बाइटही बघतं आणि ‘Invalid file’ म्हणून परत करतं. ढिलं पोर्टल फाइल घेतं, पण अधिकाऱ्याच्या पडद्यावर ती उघडत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तुमच्याकडे पोच असते आणि त्यांच्याकडे कागद नसतो. शंका असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत कचराच दिसेल, पण पहिल्या ओळीच्या सुरुवातीला `%PDF-` दिसलं पाहिजे. फोटोची पीडीएफ करायची तर तो उघडून प्रिंट द्या आणि प्रिंटर म्हणून ‘Microsoft Print to PDF’ निवडा. मोबाइलवर स्कॅनचं ॲप असेल तर त्यातून थेट पीडीएफ जतन करा. आणि घरच्या कुणाकडून कागद मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो म्हणून आला की तो वाटेतच आवळला जातो.

नाव. साहेबांना कळावं हा हेतू चांगला, पण नाव साहेबांच्या आधी यंत्र वाचतं. `उत्पन्नाचा दाखला.pdf` हे नाव घ्या. यात जोडाक्षरं सुटी केली तर पंधरा देवनागरी चिन्हं आहेत, प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. वेबच्या पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटाचं `%E0` सारखं तीन अक्षरी रूप होतं. मधली रिकामी जागा `%20` होते. वीस अक्षरांचं दिसणारं नाव असं १४२ अक्षरांचं होऊन बसतं. काही प्रणाल्या ते कापतात, काहींमध्ये नावाच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर, `rtionline.gov.in` वर, तर सूचनाच आहे की पीडीएफच्या नावात रिकामी जागा नको. (तिथे सोबतच्या फाइलला मर्यादा १ एमबीची.)

दुसरं विघ्न टिंबाचं. सातबारा लिहिताना `7/12` असं नाव विंडोज घेतच नाही, तिरकी रेघ तिथे चालत नाही. मग लोक `7.12.pdf` करतात. एकाहून जास्त टिंबं असलेली नावं बरीच पोर्टलं सुरक्षेपोटी नाकारतात, कारण `bill.pdf.exe` सारख्या फसव्या फाइली अशाच येतात. `aadhaar.pdf.pdf` हाही त्यातलाच प्रकार: विंडोज शेपटी लपवतं, माणूस ती पुन्हा टाइप करतो. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘File name extensions’ चालू केलं की हे दिसतं. दोनदा डाउनलोड केल्यावर आपोआप लागणारं `(1)` सुद्धा काढा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, एवढ्यावर भागतं. मराठीत काय ते मेलच्या मजकुरात लिहा.

कॉम्प्रेस. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, घातक आहे.

पहिली गोष्ट, लहान म्हणजे बरी असं नाहीच. ‘आपले सरकार’वर कागदपत्राला खालचीही मर्यादा आहे: ७५ केबी ते ५०० केबी. काळ्या-पांढऱ्या पद्धतीने स्कॅन केलेलं एक पान सहज ४०-५० केबीत बसतं आणि लहान आहे म्हणून नाकारलं जातं. अशा वेळी ते पान ग्रेस्केलमध्ये पुन्हा स्कॅन करायचं, एवढाच उपाय.

दुसरी गोष्ट सहीची. ‘महाभूमी’वरून पैसे भरून घेतलेल्या सातबाऱ्यावर डिजिटल सही असते. सही फाइलच्या बाइटांवर बसलेली असते. कॉम्प्रेस करणारं साधन फाइल नव्याने लिहितं, बाइट बदलतात आणि सही तुटते. पानावर सहीचा ठसा दिसत राहतो, म्हणून फसायला होतं. इतर कागदांबरोबर एकत्र केलं तरी तेच. प्रिंट काढून स्कॅन केलं तर तो नुसता फोटो. अशी फाइल जशी उतरवली तशीच, वेगळी जोडायची.

तिसरी आकड्यांची. अती आवळलेल्या जेपीजीत अक्षरांच्या कडा विरघळतात, ३ आणि ८ सारखे दिसू लागतात. याहून विचित्र प्रकार २०१३ साली उघड झाला. डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना ६ च्या जागी ८ छापत होती, तेही अगदी स्वच्छ, धूसर नव्हे. आवळणीची पद्धत एकसारखे दिसणारे तुकडे एकच समजून पुन्हा वापरत होती. गट नंबर, खाते क्रमांक आणि क्षेत्र आवळल्यानंतरच्या फाइलमध्ये मूळ कागदाशी ताडून बघायचे ते यासाठी.

आणि ऑनलाइन साइट म्हणजे तुमचं आधार, पासबुक, प्रतिज्ञापत्र अनोळखी सर्व्हरवर ठेवणं. घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ आवळणारं साधन फुकट आहे आणि तुमच्याच संगणकावर, कमांडच्या खिडकीत, चालतं:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -o lahan.pdf mul.pdf
```

`mul.pdf` ही मूळ फाइल, `lahan.pdf` ही नवी, लहान झालेली. विंडोजवर `gs` च्या जागी `gswin64c` लिहायचं. `/ebook` चित्रं १५० डीपीआयपर्यंत उतरवतं. `/screen` ७२ वर नेतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता हे एका अर्जावर लावू. वारसनोंदीचा अर्ज तहसीलला मेल करायचा आहे आणि एकूण २ एमबी अशी मर्यादा कळवली आहे. अर्जाची दोन पानं, प्रतिज्ञापत्राची दोन, मृत्यूचा दाखला एक, सातबारा आणि आधार. पहिली पाच पानं २०० डीपीआय ग्रेस्केल. पानाला अडीचशे-तीनशे केबी धरले तर दीड एमबीच्या आत बसतात. सातबारा सहीसकट तसाच. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो (नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल), आणि पासवर्डची पीडीएफ पोर्टल उघडू शकत नाही. म्हणून पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्यायचं, पासवर्ड देऊन उघडायचं आणि प्रिंटने नवी पीडीएफ करायची. इथे डिजिटल सही जाते, म्हणून कागदावर छापून स्वसाक्षांकित करून स्कॅन केलेलं जास्त चालतं. मास्क्ड त्यांना चालतं का, हे आधी फोनवर विचारावं.

```
01_arj.pdf
02_pratidnyapatra.pdf
03_mrutyu_dakhla.pdf
04_satbara_gat145.pdf
05_aadhaar_masked.pdf
```

बेरीज करताना पूर्ण २ एमबीपर्यंत ताणू नका. मेलमध्ये जोडलेली फाइल मजकुराच्या रूपात बदलून जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून दीड एमबीची जोडणी सर्व्हरला दोन एमबीची दिसते. मर्यादा पोर्टलची असेल तर हा फुगवटा लागू नाही, मेलपेटीची असेल तर लागू आहे, आणि कारकुनाला विचारलं तर तो बहुधा पोर्टलचाच आकडा सांगतो. वरच्या पाच फाइली दीड एमबीच्या पुढे गेल्या तर आधी प्रतिज्ञापत्र १५० डीपीआयवर आणा. मृत्यूच्या दाखल्याला हात लावू नका, त्यावरचा नोंदणी क्रमांक बारीक असतो.

मेलच्या मजकुरात या पाच नावांची यादी त्याच क्रमाने, प्रत्येकापुढे मराठीत कागदाचं नाव आणि पानांची संख्या द्या. फाइल चढली नाही तर कोणती चढली नाही ते कारकून नेमकं सांगू शकतो, आणि पुन्हा पाठवायची ती एकच असते.