कुरियर कंपनीचं मन न दुखावता क्लेम कसा करावा

पार्सल फुटून आलं? अभिनंदन. आता तुम्हाला क्लेमचा ईमेल लिहायचा आहे, आणि तो असा लिहायचा आहे की वाचणाऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीत कसलाही व्यत्यय येऊ नये. माझा मॉनिटर परवाच एका कोपऱ्यातून पॅनल तडकून आला, त्यामुळे या विद्येत मी सध्या ताजा आहे.

विषयाच्या ओळीत फक्त ‘अर्जंट’ लिहा. कन्साइनमेंट नंबर, बुकिंगची तारीख, डिलिव्हरीची तारीख असलं काही नको. मी हे सगळं लिहिलं होतं, तरी पहिलं उत्तर आलं ते ‘कृपया कन्साइनमेंट नंबर कळवावा’ असंच. मग लिहिण्याचे कष्ट कशाला?

डिलिव्हरीच्या वेळी खोक्याचा कोपरा दबलेला दिसला तरी गप्प राहा आणि सही करा. शेरा मारायला जागाच नसते, बोटाने डिलिव्हरीवाल्याच्या मोबाइलवर गिरगटायचं असतं आणि वर आधीच छापलेलं असतं, ‘माल सुस्थितीत मिळाला’. काही आगाऊ लोक लेबल आणि दबलेला कोपरा एकाच फोटोत येईल असा फोटो त्या माणसासमोरच काढतात आणि त्याच दिवशी लेखी कळवतात. अशांमुळे कंपनीला ‘तक्रार मुदतीत आली नाही’ हे आवडतं वाक्य वापरता येत नाही.

खोका, थर्माकोल, पट्ट्या, सगळं लगेच भंगारात द्या. पाहणीला कोणी आलाच, तर त्याला हात हलवत परत जाता आलं पाहिजे.

रक्कम गोल आकड्यात मागा. ‘पंचवीस हजार आणि मनस्ताप वेगळा’ हे उत्तम, कारण मनस्ताप आणि बुडालेलं काम त्यांच्या अटींमध्ये आधीच वगळलेलं असतं, आणि एक ओळ वगळता वगळता बाकीच्याही वगळणं सोपं जातं. मी मूर्खासारखा हिशेब मांडला. मॉनिटरचं बिल २१,५०० रुपयांचं, पण पॅनल बदलून तो चालू होतो, म्हणून पूर्ण किंमत मागितलीच नाही. पॅनल १४,२००, तपासणी ५००, वाहतूक भाडं ७८०, पॅकिंग चार्ज ३५०, एकूण १५,८३०. प्रत्येक आकड्यासमोर कोणत्या कागदावर तो आहे तेही लिहिलं. रिस्क चार्ज भरला होता, तो मागितला नाही. जोखीम उचलण्याचा तो मोबदला, तो परत मागायचा नसतो एवढं मलाही कळतं.

आता कागदपत्रं. ही एकदम पाठवू नका, एकदम पाठवली की त्यांना ती एकेक करून मागता येत नाहीत. म्हणजे मागता येतात म्हणा, मला मागितलीच. खरेदीचं बिल, बुकिंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं लेटरहेडवरचं एस्टिमेट, फोटो, रद्द केलेला चेक, ओळखपत्र असं सगळं नावं देऊन, क्रमांक टाकून जोडलं होतं. उत्तर आलं, एस्टिमेट पाठवा. परत पाठवलं. मग म्हणे सीरियल नंबर दिसेल असा फोटो हवा. तोही पहिल्याच मेलमध्ये होता, चौथी अटॅचमेंट! मग क्लेम फॉर्म आला, स्कॅन केलेला, तिरका, ज्यात हेच सगळं पुन्हा हाताने भरायचं. भरला. त्यावर दुसऱ्याच माणसाचा मेल, ‘आपली फाइल अपूर्ण असल्याने बंद करण्यात येत आहे.’ अहो, काय अपूर्ण आहे ते तरी सांगा! फोन केला तर सांगतात मेल करा, मेल केला तर ‘हा मेल आपोआप पाठवला आहे, उत्तर देऊ नये’.

मी फाइल उघडायला लावली. आणि अखेर निर्णय आला, ‘पॅकिंग अपुरे असल्याने दावा नामंजूर. सद्भावनेपोटी वाहतूक भाडं परत.’ म्हणजे ७८०.

आता सल्लेबिल्ले पुरे. पॅकिंग अपुरं? पॅकिंग तुमच्या काउंटरवर, तुमच्या माणसाने, तुमच्या थर्माकोलमध्ये केलं आणि त्याचे ३५० तुम्ही घेतलेत. ते पावतीवर आहे. ती पावती मी तुम्हाला इतक्यांदा पाठवली आहे की तुमच्या इनबॉक्सला ती पाठ झाली असेल. अपुरं होतं तर माल उचललात कशाला? आणि पावतीच्या मागचा मुंगीएवढ्या अक्षरातला जबाबदारीच्या मर्यादेचा नियम मला वाचून दाखवू नका. ती मर्यादा माल स्वतःच्या जोखमीवर पाठवणाऱ्यासाठी आहे, हे तुमच्याच नियमात लिहिलंय. पुढच्या बाजूला तुमच्या शिक्क्याखाली ‘कॅरिअर्स रिस्क’, म्हणजे जोखीम तुमची, असं लिहून तुम्ही वेगळे पैसे घेतलेत. जोखीम घ्यायची नव्हती, तर तिचे पैसे घ्यायला लाज कशी वाटली नाही? एक तर ती पावती खोटी आहे असं लेखी द्या, नाहीतर १५,८३० रुपये द्या. तुमचे ७८० मी घेणार नाही.