दारातले चेहरे आणि दोन ओळी

न सांगता घरी आलो त्याचा व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, पण त्याखाली कॅप्शन काय टाकायचं यावरून मिरजेच्या आमच्या घरात आठवडाभर वाद चालला होता. इन्स्टाग्रामवर बावीसशे अक्षरं लिहायची मुभा आहे, पण लोकांना दिसते ओळ-दीड ओळच. म्हणजे आई-बाबांचे चेहरे तेवढ्यात बसवायचे.

मी 2019 साली न्यू जर्सीला गेलो. मग करोना आला आणि पुढे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला. तिथे राहायला त्याची अडचण नसते, पण एकदा भारतात आलं की वकिलातीतून नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. मुंबईत बीकेसीतली तारीख मिळता मिळेना. अखेर मिळाली तेव्हा घरी कळवलंच नाही. तारीख पुढे गेली असती तर आईला सगळं पहिल्यापासून समजावायची ताकद माझ्यात नव्हती.

प्रश्न होता विमानातल्या तासांचा. “ऑफिसच्या कामाला डेन्व्हरला चाललोय, फोन लागणार नाही,” अशी थाप मारली. मुंबईत घामाघूम होऊन उतरलो, फोन चालू केला, तर आईचा मेसेज : कानटोपी घातलीस का?

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. उजाडायच्या सुमारास मिरजेला मावसभाऊ स्कूटर घेऊन हजर. छायाचित्रण त्याच्याकडे होतं. अशा व्हिडिओंत बहुतेक लोक कॅमेरा घरातल्या कुणाच्या तरी हाती देतात, आणि मग दिसतो येणाऱ्याचा चेहरा आणि आईबापांच्या पाठी. म्हणून हा जिन्यात, माझ्या खांद्यामागे. इथवर डोकं चाललं. पण आमच्या दाराला बाहेरून जाळीचा दरवाजा आहे आणि आत समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट. फोनने फोकस जाळीवर धरला आणि उजेड ट्यूबलाइटचा मोजला. त्यामुळे जाळीचा गंज न् गंज स्वच्छ आणि मागे दोन काळ्या आकृत्या. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच पक्के होतात, पण दार उघडायच्या आधी चेहरा आणायचा कुठून?

मी बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं. अंगात बनियन, डोळ्यांवर चष्मा नाही, हातात पातेलं. जाळी उघडून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

“आज अर्धा लिटर जास्त दे रे. आणि काल पातळ होतं.”

“बाबा...”

“हिशेब महिनाअखेरीला.”

तेवढ्यात मागून आई आली. तिला चष्म्याची गरज पडली नाही. तोंडावर हात गेला, मी पाऊल उचललं, आणि ती ओरडली, “तिथंच थांब!” आणि आत निघून गेली. पुढे बराच वेळ व्हिडिओत फक्त बाबा आणि पातेलं. ते माझ्याकडे, पातेल्याकडे, पुन्हा माझ्याकडे बघतात. आत डबे आपटल्याचे आवाज. भाकरी नव्हती, म्हणून आई पोळीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली, माझ्यावरून ओवाळलं, तुकडा जिन्यात टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाली, “डेन्व्हरहून आलास? सांगून आला असतास तर दुधी नसता आणला.”

आता याला कॅप्शन द्या.

मावसभावाचं म्हणणं, ‘त्यांच्या डोळ्यांतला आनंद शब्दांत सांगता येत नाही.’ डोळे दिसतच नव्हते, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या बरोबर. मावशीने व्हॉट्सॲपवर पाखरू, घरटं आणि तीन हात जोडलेले पाठवले. आईची अट एकच, तिचा गाऊन दिसता कामा नये. तो काळाच दिसतोय म्हटल्यावर म्हणाली, “नवा आहे, पिवळा आहे, आणि काळा दिसतोय?”

बाबांना बनियन खुपत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी पुन्हा शूटिंग करायला लावलं. या वेळी मावसभावाने आधी त्यांना दारात उभं केलं, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस बांधला, मग दार लावलं. मी बेलकडे हात नेला, तोवर बाबांनी दार उघडलंसुद्धा. पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ उभे राहून ते पोटच्या पोराला म्हणाले, “या, या! केव्हा आलात?” चेहरा अगदी स्वच्छ आला होता. मागून आई म्हणाली, “लग्नाला आल्यासारखे काय बोलताय?”

शेवटी मी पहिलाच व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘सहा वर्षांनी घरी. बाबा : आज अर्धा लिटर जास्त दे रे.’

नातेवाइकांनी बदाम पाठवले. संध्याकाळपर्यंत दूधवाल्याचीही प्रतिक्रिया आली : ‘काका, पातळ नव्हतं.’