मेलेल्या किड्यासाठी महिनाभर गोळ्या?

"सर्वांना पाठवा. फिट येते म्हणजे मेंदूत जिवंत किडा फिरत असतो. हा आजार मांस खाणाऱ्यांना होतो, नाहीतर कोबीतली अळी डोक्यात चढते. स्कॅनमध्ये ठिपका किंवा सूज दिसली की जंताची गोळी अल्बेंडाझोल महिनाभर रोज घ्या, किडा मरतो आणि फिट कायमची जाते. डॉक्टरांच्या फिटच्या गोळीने फक्त झोप येते. स्टेरॉइडला हात लावू नका."

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीनं मला पाठवला आणि मागोमाग फोन केला. "ताई, गोळ्या आणून ठेवल्यात. रात्री जेवण झाल्यावर पहिली देऊ ना?" मी मेंदूविकारांच्या वॉर्डात काम करते. असे मेसेज रोज बघते आणि सोडून देते. पण या वेळी गोळी जिच्या पोटात जाणार होती ती माझी भाची आहे, म्हणून आता सोडत नाही.

दोन वर्षांपूर्वी, वीस वर्षांची असताना, तिला पहिली फिट आली. आधी उजवा हात झटके देऊ लागला, मिनिटभरानं शुद्ध हरपली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला नऊ मिलिमीटरची एक गोल गाठ होती. शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध दिल्यावर स्कॅनमध्ये तिची कड अंगठीसारखी उजळली. आत एका बाजूला बारीक ठिपका होता, ते किड्याचं डोकं, आणि भोवती सूज होती. अशी अंगठी क्षयाच्या गाठीचीही असू शकते, पण ती बहुधा वीस मिलिमीटरपेक्षा मोठी आणि वेडीवाकडी असते, आणि आत ते डोकं दिसत नाही. म्हणून निदान न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे पट्टकृमीच्या अळीनं मेंदूत केलेलं घर.

तेव्हा तिला अल्बेंडाझोल मिळालं, आणि ते योग्यच होतं. आता मिळालं असतं तर चूक होती. तीच मुलगी, तीच जागा, तोच किडा, मग उत्तर वेगळं का? मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच माहीत नाही.

मेंदूत रुजलेली अळी चार अवस्थांतून जाते आणि स्कॅनमध्ये त्या ओळखता येतात. पहिलीत अळी जिवंत असते. स्वच्छ पाण्याची एक पातळ पिशवी आणि तिच्यात डोक्याचा ठिपका. भोवती सूज जवळजवळ नसते, कारण जिवंत अळी शरीराच्या संरक्षण यंत्रणेला हुलकावणी देत बसलेली असते. ती वर्षानुवर्षं अशीच राहू शकते, माणसाला पत्ताही लागत नाही, आणि ती कुठं फिरतही नाही. दुसरीत अळी मरायला लागते. पिशवीतलं पाणी गढूळ होतं, लपलेलं उघड्यावर येतं, शरीर तिच्यावर तुटून पडतं, आणि कड उजळते, भोवती सूज येते. फिट बहुतेकदा याच धुमश्चक्रीत येते. तिसरीत पिशवी आकसून घट्ट गाठ होते. चौथीत तिथं कॅल्शियम साठून खड्यासारखा कण उरतो. सीटी स्कॅनमध्ये हा कण पांढराशुभ्र दिसतो, एमआरआयमध्ये तो पुष्कळदा निसटतो. म्हणून संशय असेल तर दोन्ही तपासण्या लागतात. एकच करून निष्कर्ष काढणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

अल्बेंडाझोलचं काम आहे जिवंत किंवा मरायला टेकलेली अळी मारणं. त्यामुळे पहिल्या दोन अवस्थांत त्याला अर्थ आहे. अमेरिकेतल्या संसर्गरोगांच्या आणि उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या दोन तज्ज्ञ-संस्थांनी 2018 साली मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना मी या बाबतीत प्रमाण मानते. त्यात एक किंवा दोन जिवंत सिस्ट, म्हणजे अळीच्या पिशव्या, असतील तर अल्बेंडाझोल दिवसाला दर किलो वजनामागे 15 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, जेवणाबरोबर, 10 ते 14 दिवस असं सांगितलं आहे. दोनपेक्षा जास्त असतील तर सोबत प्राझिक्वांटेल हे दुसरं अळीनाशक. एकच उजळणारी गाठ असेल, माझ्या भाचीसारखी, तर एक ते दोन आठवडे. अशी गाठ औषधाशिवायही पुष्कळदा विरते. औषधानं ती लवकर विरते आणि पुढच्या फिट कमी होण्याची शक्यता वाढते. भाचीचं वजन तेव्हा पन्नास किलो होतं, म्हणून 400 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दहा दिवस. महिनाभर नाही.

चौथ्या अवस्थेबद्दल त्याच सूचनांचं म्हणणं सरळ आहे: अळीनाशक औषध देऊ नका. मारायला तिथं कोणी उरलेलंच नाही.

आता गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. सहा महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये गाठ गेली होती, चार मिलिमीटरचा कॅल्शियमचा कण उरला होता. कण उरला की पुढं फिट येण्याचा धोका राहतो, म्हणून फिटची गोळी, लेव्हेटिरॅसिटॅम, चालू ठेवली. दीड वर्ष एकही फिट आली नाही. परीक्षेच्या गडबडीत तिनं चार-पाच दिवसांचे डोस चुकवले आणि उजवा हात पुन्हा झटके देऊ लागला. सीटीत तोच कण, तेवढाच, त्याच जागी. पण एमआरआयमध्ये त्या कणाभोवती सूज. अहवालात "सूज" हा शब्द वाचला आणि घरात एकच ओरड झाली की किडा पुन्हा जिवंत झाला. नेमक्या त्याच संध्याकाळी हा मेसेज येऊन पडला.

मेलेली अळी जिवंत होत नाही. कॅल्शियमच्या कणात तिचे अवशेष अडकलेले असतात, आणि शरीराला त्यांचा अंश मधूनच पुन्हा "दिसतो", तेव्हा भोवती दाह होतो आणि सूज येते. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. कॅल्शियमचे कण असलेल्या ज्या रुग्णांना पुन्हा फिट येते, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांत ही सूज सापडते, म्हणजे भाचीचं काही जगावेगळं झालेलं नव्हतं. या सुजेवर अल्बेंडाझोल काडीचंही काम करत नाही. तिला हवी होती ती फिटची गोळी, वेळेवर आणि न चुकता.

"निरुपयोगी असेल, पण नुकसान तर नाही ना?" बहिणीनं विचारलं. नुकसान आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस हे औषध घ्यायचं असेल तर यकृताच्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या तपासण्या मधूनमधून कराव्या लागतात, आणि गरोदरपणात तर ते देत नाहीत, बाळंतपणानंतरवर ढकलतात. पण माझ्या मनात खरी धास्ती आहे ती दुसऱ्या माणसांची. ज्यांच्या मेंदूत अळ्या जिवंत आहेत आणि ज्यांनी स्कॅनची अवस्था न बघता हा मेसेज मानला, त्यांची. औषधानं अळ्या एकदम मरतात, भोवती सूज उसळते, आणि पहिल्या आठवड्यातच डोकेदुखी, उलट्या आणि फिट वाढू शकतात. म्हणून औषधाच्या आधी सूज दाबणारं स्टेरॉइड सुरू करतात.

काही जणांच्या मेंदूत असंख्य सिस्ट असतात आणि आधीच सगळा मेंदू सुजलेला असतो. तिथं अळीनाशक देणं जिवावर बेतू शकतं. त्यांना आधी स्टेरॉइडनं सूज उतरवतात, अळीनाशक टाळतात. मेंदूतलं पाणी तुंबलं असेल तर आधी तो दाब कमी करायचा. अळी डोळ्यात असेल तर अल्बेंडाझोलनं ती तिथंच मरते आणि दाहानं दृष्टी जाऊ शकते, म्हणून औषधाआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा असतो. दोन वर्षांपूर्वी भाचीचाही तपासला होता. वॉर्डात आम्ही ही सगळी खबरदारी घेऊन मग पहिली गोळी देतो. मेसेजमध्ये मात्र ठिपका दिसला की गोळी, एवढंच. ज्यानं हे लिहिलं त्यानं कोणाची सूज वाढलेली कधी पाहिलेली नाही.

स्टेरॉइडचा मुद्दा मात्र चुकून थोडा बरोबर निघाला, तेही कबूल करते. कॅल्शियमच्या कणाभोवती सूज असेल तर स्टेरॉइड सरसकट देऊ नयेत, असंच त्या सूचनाही म्हणतात. भाचीला या वेळी आम्ही दिलेही नाहीत. पण मेसेज हे सर्वांनाच सांगतो, आणि ज्यांना अळीनाशक चालू आहे त्यांनी हे ऐकलं तर त्यांच्या हातून एकच आधार जाईल.

फिटची गोळी झोपेची नाही. ती मेंदूतल्या पेशींचा अवेळी भडका रोखते. पहिल्या दिवसांत गुंगी येते हे खरं, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, डोस बदलता येतो. एकदम बंद करू नका. गाठ पूर्ण विरली, कण उरला नाही, फिट दोनपेक्षा जास्त आल्या नाहीत आणि उपचार चालू असतानाही आली नाही, तर सहा महिने फिटमुक्त गेल्यावर गोळी हळूहळू कमी करता येते. भाचीच्या बाबतीत कण उरला आहे, म्हणून तिची मोजणी आता नव्यानं सुरू झाली आहे.

उरलेलं थोडक्यात. प्रत्येक फिटमागे किडा नसतो, फिटची कारणं अनेक आहेत. आणि मांसाहाराशी त्याचा संबंध लोक उलटा लावतात. अळ्या असलेलं डुकराचं मांस अर्धवट शिजवून खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतला आजार होतो तो त्या पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातांनी, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून पोटात गेल्यानं. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत पोचतात. म्हणून आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्यालाही हा आजार होतो, आणि कोबीतल्या हिरव्या अळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. भाजी धुऊन घ्या हा सल्ला चांगला आहे, कारण अंडी दिसत नाहीत. पण अंडी येतात ती बहुतेकदा जवळच्याच माणसाकडून, तेव्हा घरातल्या सगळ्यांची पट्टकृमीसाठी तपासणी करणं जास्त कामाचं. आमच्याकडे ते दोन वर्षांपूर्वी केलं होतं.

गोळ्यांची पाकिटं बहिणीनं दुसऱ्या दिवशी दुकानात परत दिली. भाचीच्या फोनवर सकाळी आठ आणि रात्री आठ असे दोन गजर आहेत. पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी आहे, सूज उतरली का ते बघायला.