वडिलांनी दिलेली उत्तम शिक्षा

आमच्या एका हिंदीभाषक सहकाऱ्याला मराठी शिकवायचं मी हौसेनं अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी मी त्याला छातीठोकपणे सांगितलं, "संस्कृत शब्दांची चिंताच सोड. ते दोन्हीकडे सारखेच."

त्यानं ती सोडली. आठवड्यानं स्वतःची ओळख लिहून आणली: 'माझ्या वडिलांनी मला लहानपणी उत्तम शिक्षा दिली. मी प्रत्येक कामाची चेष्टा करतो. कोणाची आपत्ती नसेल तर मला बोलू द्या.'

त्याला म्हणायचं होतं शिक्षण, प्रयत्न आणि हरकत. वाचणाऱ्याला मात्र वाटावं की बापानं बदडून काढल्यामुळेच पोरगा असा निघाला. गंमत म्हणजे 'शिक्षक शिक्षा देतो' हे वाक्य दोन्ही भाषांत बरोबर आहे. म्हणूनच हा शब्द जास्त घातकी: चुकला तरी कळत नाही.

एकदा मी त्याला म्हटलं, "या विषयावर जरा संशोधन कर." दुसऱ्या दिवशी त्यानं माझाच मसुदा परत दिला, तीन स्वल्पविराम बदलून. त्याचंही बरोबर होतं. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आणि आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला ते शोध म्हणतात. मूळ धातू एकच, शुध्, म्हणजे शुद्ध होणं. हिंदीनं 'संशोधन'मध्ये शुद्ध करणं राखलं, आपण शोधणं.

मग माझ्या उशिरा डोक्यात शिरलं की हात, कान, नाक, दात, पाणी असे रोजचे झिजलेले शब्द सहसा दगा देत नाहीत. हाताला हाथ म्हटलं तरी तो हातच राहतो. दगा देतात ती जशीच्या तशी उचललेली भारदस्त भाववाचक नामं. रूप तेच राहतं, अर्थ मात्र घर बदलतो.

त्यामुळे आता मी त्याला सुटा शब्द देत नाही, जोडीदारासकट देतो. शिक्षा होते, भोगावी लागते, ठोठावली जाते, शिक्षण घेतात. मराठीत चेष्टा कुणाची तरी होते, हिंदीत काहीतरी करण्याची. आपत्ती कोसळते, हरकत घेतात. 'आपत्ती घेतली' असं लिहिताना हात अडखळला की समजावं, शब्द हिंदीतून आलाय. हा उपाय रामबाण नाही, 'शिक्षा देणे' त्यातूनही निसटतंच. पण त्याच्या चुका निम्म्यावर आल्या.

माझ्या मात्र नाहीत. परवा त्याच्या आईचा फोन आला. तो जागेवर नव्हता, म्हणून मी घेतला. सर्दीनं आवाज बसला होता, तेव्हा शुद्ध हिंदीत खुलासा केला, "माताजी, आजकल मेरी प्रकृति ठीक नहीं है."

पलीकडे क्षणभर शांतता. मग माऊली मायेनं म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा, स्वभाव धीरे-धीरे बदल जाता है."