"मॅडम, मग सगळंच ऑटोमॅटिक करून टाकू. एक माणूस वाचेल."

आज व्यापारी संघटनेत बोलायला गेले होते. वीस मिनिटं दिली होती. विषय त्यांनीच ठरवलेला, सोशल मीडियावर काय आपोआप चालू द्यायचं आणि काय स्वतः करायचं. तयारीने गेले होते. पाचव्या मिनिटालाच पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून वर लिहिलंय ते वाक्य बोलले, सभागृह हसलं, आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलेय.

मी पोटापाण्यासाठी दुकानदारांची पानं सांभाळते, हे तुम्हाला माहीत आहे. ऑटोमॅटिक गोष्टींशी माझं वैर नाही, माझी निम्मी कामं त्याच करतात. पण बाबांच्या कानाच्या मशीनचा किस्सा मी इथे कधी लिहिला नव्हता. आज तिथे सांगितला, तर आता इथेही सांगते.

बाबांचं मशीन एका कानातून बंद पडलं होतं. जिथून घेतलं तिथेच दुरुस्तीला दिलं. "रिसीव्हर बदलावा लागेल, आला की कळवतो," असा त्यांचा व्हॉट्सॲप आला. त्यानंतर त्यांचाही काही मेसेज नाही, आमचाही नाही. सोळाव्या दिवशी बाबा गेले. एकोणिसाव्या दिवशी मी त्याच नंबरवर लिहिलं, "बाबा गेले. मशीन आता दुरुस्त करू नका. आहे तसं परत न्यायला येईन." पाठवून फोन खाली ठेवते न ठेवते तोच उत्तर आलं. "नमस्कार! आमच्या परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत!! आज आम्ही आपल्याला काय ऐकवू शकतो?" त्याच्याखाली नव्या मॉडेल्सचा कॅटलॉग.

"काय ऐकवू शकतो." कुणीतरी हे सुचल्यावर स्वतःवर खूश झालं असणार.

आता राग बाजूला ठेवून हे झालं कसं ते सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या फोनमध्ये हाच खड्डा आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ग्रीटिंग मेसेज असतो. सगळ्यांना वाटतं तो फक्त नव्या गिऱ्हाइकाला जातो. तसं नाही. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला तर जातोच, पण 14 दिवस दोन्हीकडून शांतता असेल आणि मग जुन्या माणसाने मेसेज केला, तर त्यालाही जातो. म्हणजे दुरुस्ती रखडलेला, माल न मिळालेला, तक्रार घेऊन आलेला माणूस. पंधरा-वीस दिवस वाट बघून जो शेवटी विचारतो, नेमकं त्यालाच तुम्ही "स्वागत" म्हणता. आमचे एकोणीस दिवस झाले होते. दुकानाने मुद्दाम काही केलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं, कारण हीच सेटिंग मी स्वतः कितीतरी लोकांना लावून दिली होती. आणि कधी विचार केला नव्हता. ते जास्त टोचलं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. त्याच सेटिंगमध्ये मेसेज कुणाला जावा हे ठरवता येतं. सगळ्यांना, फोनमध्ये नंबर सेव्ह नसलेल्यांना, ठरावीक लोक सोडून बाकीच्यांना, किंवा फक्त ठरावीक लोकांना. "नंबर सेव्ह नसलेल्यांना" हे निवडा आणि दुरुस्तीची पावती फाडतानाच गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करा. संपलं. ती सेटिंग असती आणि माझा नंबर कुणी सेव्ह केला असता, तर तो मेसेज आलाच नसता.

दुसरी गोष्ट मजकुराची. सभागृहात मी एक प्रयोग केला. एका भाऊंना त्यांचा आपोआप जाणारा मेसेज मोठ्याने वाचायला सांगितलं. मी गिऱ्हाईक. आधी म्हटलं, "हे दोन नग पाहिजेत." त्यांनी वाचलं, "आपलं सहर्ष स्वागत, खास ऑफर फक्त आपल्यासाठी." ठीक. मग म्हटलं, "परवा नेलेलं चालत नाहीये, पैसे परत द्या." त्यांनी तेच वाचलं, लोक हसले. मग म्हटलं, "माझे वडील गेले, ऑर्डर रद्द करा." त्यांनी तोंड उघडलं आणि वाचलंच नाही. नुसते उभे राहिले. तेव्हा हसणं थांबलं. माझा एवढाच हट्ट आहे, जो मजकूर या तिन्ही निरोपांखाली वाचवत नाही, तो आपोआप जाऊ द्यायचा नाही.

मग काय जाऊ द्यायचं? पोच आणि वेळ, बस. "मेसेज मिळाला. मी स्वतः वाचून उद्या दुपारपर्यंत उत्तर देतो. घाई असेल तर फोन करा." खाली नाव. स्वागत नको, ऑफर नको, कॅटलॉग नको. आणि "उद्या दुपारपर्यंत" लिहिलं तर उद्या दुपारपर्यंत उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर ती आणखी एक थाप.

हो, मान्य आहे, रात्री अकराला मेसेज टाकणाऱ्याला काहीच न जाण्यापेक्षा एवढं गेलेलं बरं. आणि एकटा माणूस गल्ला सांभाळून प्रत्येकाला हाताने किती लिहिणार, हेही मान्य. पण सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वीस-वीस मिनिटं मिळत नाहीत असं मला कुणी सांगू नये. तेवढा वेळ आपण दुसऱ्याचे स्टेटस बघण्यात घालवतो.

अवे मेसेजचं तर वेगळंच पुराण. माझ्याच एका गिऱ्हाइकाने बाहेरगावी जाताना तो "नेहमी पाठवा" वर टाकला आणि परत येऊन बंद करायला विसरला. लोक काउंटरसमोर उभे राहून मेसेज करतायत, फोन त्याच्या हातात, आणि उत्तर जातंय, "आम्ही सध्या उपलब्ध नाही." त्याला वाटत राहिलं की धंदा मंदावलाय. वेळापत्रक लावा, म्हणजे विसरलं तरी तो आपला आपण थांबेल. आणि फोनला इंटरनेट नसेल तर अवे मेसेज जातच नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर फोन बंद करून निघून जाऊ नका.

मग आपोआप करायचं तरी काय, असं एका ताईंनी विचारलं, जरा वैतागूनच. भरपूर आहे की. पोस्ट आधी लिहून वेळ लावून ठेवा, फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूटमध्ये ते होतं. सुट्टीची सूचना, नव्या मालाचे फोटो, दुकानाची वेळ बदलली तर ते. यात कुणी समोरून आपल्याशी बोलत नसतं, आपणच फलक लावत असतो, आणि फलक कुणी लावला याने कुणाचं बिघडत नाही. फक्त काहीतरी वाईट घडलेल्या दिवशी आठवणीने आत जाऊन रांगेतली पोस्ट थांबवायची. कमेंटखाली आपोआप धन्यवाद आणि हृदय मात्र नको, तक्रारीखाली ते जे दिसतं ते बघवत नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारी सोय म्हणजे क्विक रिप्लाय. पत्ता, वेळ, वॉरंटीला काय कागद लागतात, असे पन्नासपर्यंत तयार मजकूर ठेवता येतात. उत्तर लिहिताना / दाबायचं, यादी येते, हवा तो निवडायचा. टायपिंग वाचतं. पण समोरचं वाचतो माणूस, निवडतो माणूस, आणि पाठवायच्या आधी दोन शब्द बदलतो तोही माणूसच. "बाबा गेले" वाचून कुणीही /offer निवडत नाही. दिवसभरातल्या बऱ्याचशा प्रश्नांचं काम यातच भागतं, आणि हे कुणी वापरत नाही! मी विचारलं तेव्हा अख्ख्या सभागृहात चार हात वर आले.

ते पुढच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले, एक माणूस वाचेल. आता त्या माणसाचं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नंबरवरून आणखी एक मेसेज आला. काउंटरवरच्या मुलाचा. एका बिझनेस नंबरला मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, तसा त्याच्याकडे दुकानाच्या संगणकावर तो नंबर उघडा असायचा. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं, मी इथे नीट करून लिहितेय. "ताई, आत्ता वाचलं. कालचं ते आपोआप गेलं, मी नव्हतो. काका आले की मला म्हणायचे, तू हळू बोल, ओरडू नकोस, मशीन माझं खराब आहे, तुझा घसा नाही. मशीन मी दुकान बंद झाल्यावर घरी आणून देतो, तुम्ही येऊ नका."

आणि आणून दिलं. पुसून, डबीत घालून, रिसीव्हर बदलून. मी दुरुस्त करू नका म्हटलं होतं. तो म्हणाला, "आधीच झालं होतं ताई, फक्त कळवायचं राहिलं होतं."

म्हणजे बघा, जो एक निरोप खरोखर आपोआप जायला हवा होता, तुमची वस्तू तयार आहे, तो कुणीच लावला नव्हता. आणि जो जायला नको होता तो अगदी वेळेवर पोचला. नोंदवहीत "झालं" लिहिलं की त्याच दिवशी तयार मजकुरातून निरोप जायचा, एवढी शिस्त असती तर मशीन आधी घरी आलं असतं. बाबा असताना आलं असतं की नाही, ते मी त्या मुलाला विचारलं नाही.

मघाशी रागात लिहायला घेतलं होतं. आता त्या गृहस्थांवर तेवढा राग राहिलेला नाही. कार्यक्रम संपल्यावर ते दारात थांबले होते. फोन पुढे करून म्हणाले, ते "सेव्ह नसलेल्यांना" कुठे असतं दाखवा. दाखवलं. मग एका बोटाने स्वतःच नवा मजकूर लिहिला, खाली दुकानाचं नाव टाकलं, थोडं थांबून ते खोडलं आणि स्वतःचं टाकलं.

मग म्हणाले, "आणि तो तुमचा तिसरा मेसेज आला तर? माणूस गेल्याचा. त्याला काय लिहायचं?"

म्हटलं, लिहू नका, फोन करा.

"फोनवर काय बोलायचं?"

मला पटकन सांगता आलं नाही.