डायपर बदलायची जागा आधी बघा

"पाळणाघर बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? सीसीटीव्ही तर सगळीकडेच आहे म्हणतात."

डायपर बदलायची जागा बघा. मुलगी १४ महिन्यांची असताना पुण्यातल्या एका पाळणाघरात जायची. तिथल्या ताई प्रेमळ होत्या, पण डायपर बदलून हाताला नुसतं सॅनिटायझर लावायच्या आणि तशाच भरवायला बसायच्या. दोन महिन्यांत तिला तीनदा जुलाब झाले. जुलाबाचे काही विषाणू सॅनिटायझरने नीट मरत नाहीत, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आताच्या ठिकाणी बदलायच्या ओट्याला लागूनच बेसिन आहे आणि स्वयंपाकघर लांब आहे.

आधीच्या ठिकाणी दंडावरचा चावा मला रात्री कपडे बदलताना दिसला, कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. इथे दुपारीच फोन आला, "घसरगुंडीवरून पडली, कपाळाला टेंगूळ आलंय, बर्फ लावलाय. उलटी नाही, खेळतेय." संध्याकाळी वहीत तेच वेळेसकट लिहिलेलं होतं. एकदा माझे दीर न कळवता तिला आणायला गेले, तर मला फोन लागेपर्यंत इथल्या ताईंनी मुलीला सोडलं नाही. दीर चिडले, माझा मात्र त्या दिवशी खरा विश्वास बसला.

आधी न सांगता, जेवणाच्या वेळेला जाऊन बघा. भरवण्याआधी हात धुतात का, ते तेव्हाच दिसतं.