वय 8 ते 9

जून आला की दादरच्या गर्दीत घुसण्यापेक्षा फोनवरच गणवेश मागवावा, असं आमच्या घरी दरवर्षी ठरतं. मग उघडतं ते पान: ‘गणवेश संच, वय 8 ते 9, माप 28.’ आमचे चिरंजीव आठ वर्षांचे, छाती 25 इंच. त्यांच्याच वर्गातला, त्यांच्याच वयाचा एक मुलगा बाकावर बसला की मागच्याला फळा दिसत नाही. वय शर्टाला कळत नाही, पण हे दुकानदाराला कोण सांगणार?

मी फोन केला. “28 म्हणजे मुलाची छाती की शर्टाची?”

“ताई, 28 म्हणजे 28.”

शेवटी त्याला शर्ट टेबलावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावायला सांगितलं. 16 इंच भरले, म्हणजे घेर 32. चिरंजीवांना सध्या नीट बसणारा शर्ट तसाच मोजला तर साडेचौदा, म्हणजे घेर 29. अंगापेक्षा चार इंच सैल. हात वर करून बाईंना ‘मी, मी’ म्हणायला तेवढं हवंच. मार्चपर्यंतची वाढ धरून अजून एक इंच, म्हणजे 30. तो घेर निघाला 26 नंबरच्या शर्टाला, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं ‘वय 6 ते 7’. सासूबाईंचं मत अर्थातच 28 चं. “वाढतं अंग आहे,” म्हणाल्या. त्यांच्या हिशेबाने तो शर्ट मुंजीतही चालला असता. वाढत्या अंगाची सोय खरं तर पँटच्या दुमडीत बघावी. आत दीड-दोन इंच दाब असेल, तर पुढच्या वर्षी उसवून लांबी मिळते. शर्टाचे खांदे मात्र उतरले ते उतरलेच.

धुण्याच्या सूचना कुठल्या गावासाठी लिहितात, देव जाणे. ‘उलटे करून सावलीत वाळवा.’ मुंबईच्या जूनमध्ये सावलीशिवाय असतं काय? टेरिकॉटचा शर्ट पंख्याखाली रातोरात वाळतो. जाड सुती पँट वरून कोरडी लागते, पण खिशात हात घातला की आत गारवा. तशीच इस्त्री फिरवली तर दुपारपर्यंत कुबट वास सुटतो. म्हणून पँट खिसे बाहेर काढून वाळत घालायची. हाऊसचा लाल टी-शर्ट भिजवण्याआधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल घासून बघायचा. रुमाल गुलाबी झाला, तर टी-शर्टाची बादली वेगळी, नाहीतर अख्खा पांढरा गणवेश हाऊस बदलतो.

पाकिटात काय काय, हे पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात: शर्ट 1, हाफ पँट 1. फोटोतल्या मुलाच्या अंगावर टाय, पट्टा, मोजे, सगळा थाट. पुन्हा फोन.

“दादा, संचात टाय नाही?”

“टाय त्या मुलाचा आहे, ताई.”